आईच्या ईसीजीवर ‘बॉर्डरलाइन’ आणि ‘नॉनस्पेसिफिक’ छापून आलंय. याचा अर्थ कसा लावायचा?

आर्वीकडचा

नमस्कार मंडळी. आईचं (वय ५८) मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी तालुक्याच्या ठिकाणी रक्त, शुगर आणि ईसीजी केला. ईसीजीच्या कागदावर मशीननेच इंग्रजीत काही ओळी छापल्या आहेत. मराठी अक्षरांत उतरवतो:

सायनस ऱ्हिदम
नॉनस्पेसिफिक टी ॲबनॉर्मॅलिटीज, लॅटरल लीड्स
बॉर्डरलाइन ईसीजी
अनकन्फर्म्ड रिपोर्ट

बाजूला आकडे आहेत: ठोके ८४, पीआर १५६, क्यूआरएस ८८, क्यूटीसी ४५८. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि फिजिशियनकडून फिटनेस आणा म्हणाले. फिजिशियन आमच्याकडे आठवड्यातून एकदाच येतात. तोवर गावात ज्याला कागद दाखवला त्याने वेगळंच सांगितलं. एकाने तर सरळ नागपूरला नेऊन अँजिओग्राफी करा म्हटलं.

आईला छातीत दुखत नाही, दम लागत नाही. बीपीच्या गोळ्या चालू आहेत. थकवा आहे आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पण ते या उन्हामुळे असेल. या चार ओळींचा नेमका अर्थ कोणी समजावून सांगेल का?

मेडिकलवाला_पुसद

सायनस ऱ्हिदम लिहिलंय ना, मग हार्ट ओके आहे. बाकीच्या ओळी मशीन अर्ध्या लोकांच्या कागदावर छापतं. माझ्या दुकानात रोज असे कागद येतात. टेन्शन घेऊ नका, ऑपरेशन करून टाका.

तुरीची_शेंग

मलाही सायनस आहे, हिवाळ्यात डोकं फार जड होतं. त्याचा हृदयावर परिणाम होतो हे पहिल्यांदाच ऐकलं. वाफ घेऊन ईसीजी सुधारतो का?

लीडवाला_काका

शेंगताई, नाकाच्या सायनसचा इथे काही संबंध नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाची जागा असते, ठोका तिथून सुरू होतो. तो तिथूनच सुरू होतोय, एवढंच ती ओळ सांगते. वाफ तुमच्या डोक्यासाठी घ्या.

मेडिकलवाले भाऊ, तुमचं पहिलं वाक्य अर्धंच बरोबर आहे. ती ओळ फक्त तालाबद्दल आहे. ठोका योग्य जागेहून निघतो, ओळीने निघतो आणि मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतंय की नाही, झडपा कशा आहेत, यावर ती ओळ काहीच बोलत नाही. मी जिल्हा रुग्णालयात वर्षानुवर्षं ईसीजी काढले. अटॅक चालू असलेल्या कितीतरी माणसांच्या कागदावर सर्वांत वरची ओळ सायनस ऱ्हिदमच असायची आणि खरी बातमी तिच्या खाली असायची.

आर्वीकर, मला चार गोष्टी सांगा. कागदावर आईचं वय आणि लिंग बरोबर टाकलंय का? मशीन त्यावरून मापं बदलतं. तळाशी २५ एमएम आणि १० एमएम, म्हणजे कागदाचा वेग आणि उंचीचं माप, असं छापलंय का? रेषा सरळ आहेत की थरथरलेल्या? आणि चौथं सर्वांत महत्त्वाचं, आईचा जुना ईसीजी घरात आहे का?

वऱ्हाडी_बाप्पा

मायं ऐका भाऊ. माह्या मोठ्या भावाले दोन वर्षांमागं रात्री छातीत दाबल्यासारखं झालं, घाम सुटला. एका दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, कागदावर नॉर्मल ईसीजी छापून आलं. ग्यास हाय म्हणून गोळी देऊन घरी धाडलं. पहाटे पुन्हा दुखलं, मंग दुसऱ्या ठिकानी नेलं तं मोठा अटॅक निघाला. वाचला, पन हृदय अर्धंच काम करते आता. म्हून म्हन्तो, कागदावरच्या अक्षरावर भरोसा ठेवू नका. नॉर्मल लिवलं तरी नाई अन् बॉर्डरलाइन लिवलं तरी नाई.

यवतमाळची_डॉक्टर

बाप्पा, तुमच्या भावाच्या बाबतीत घडलं ते फार वाईट झालं आणि ते टाळता आलं असतं. अटॅकच्या सुरुवातीला पहिला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून छातीत दाब आणि घाम असलेल्या माणसाला एका कागदावर घरी पाठवायचं नसतं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा काढायचा, पुन्हा तिसरा काढायचा आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन बघायचं. तेही सुरुवातीला नॉर्मल असू शकतं, म्हणून काही तासांनी परत करायचं. अशा त्रासात मशीन काय छापतं याला महत्त्व नाही. १०८ ला फोन करून सोय असेल तिथे पोचायचं.

आर्वीकरांच्या आईची गोष्ट वेगळी आहे. त्यांना तसा त्रास नाही, ईसीजी ऑपरेशनपूर्वीचा म्हणून काढलाय. अशा वेळी तोच शब्द वेगळ्या वजनाने वाचायचा.

त्यांच्या कागदावर दुसरी ओळ महत्त्वाची आहे. प्रत्येक ठोक्यात आधी एक उंच टोक दिसतं, ते आर. त्याच्यामागे गोलसर टेकाड येतं, ते टी. ठोका देऊन झाल्यावर हृदयाचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतात, तेव्हा टी उमटतो. साधारण अपेक्षा अशी की डाव्या बाजूच्या लीडमध्ये, म्हणजे डावीकडून हृदय बघणाऱ्या रेषांमध्ये, टी सरळ उभा असावा आणि आरच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाहून ठेंगणा नसावा. त्याहून ठेंगणा, सपाट किंवा किंचित उलटा झाला की मशीन टी ॲबनॉर्मॅलिटी छापतं. नॉनस्पेसिफिक याचा अर्थ, बदल दिसतोय पण फक्त या आकारावरून कारण सांगता येत नाही. कारण नाही असा अर्थ त्यातून काढू नये.

कारणं बरीच असतात: जुनं बीपी, पोटॅशियम कमी होणं, थायरॉइड मंद असणं, काही औषधं, भीतीने भराभर घेतलेला श्वास, आणि हो, रक्तपुरवठा कमी असणंसुद्धा. म्हणून कागदावरून अँजिओग्राफीही ठरत नाही आणि कागद फेकूनही देता येत नाही.

कापूसवाला

डॉक्टर मॅडम, मग बॉर्डरलाइन हा आजार कोणता? आमच्या सरपंचाच्या कागदावरही तेच होतं, ते दोन महिने धसक्यात होते.

यवतमाळची_डॉक्टर

तो आजार नाहीच. मशीन खालच्या सगळ्या वाक्यांवरून शेवटी एक एकूण शेरा देतं: नॉर्मल, बॉर्डरलाइन किंवा ॲबनॉर्मल. वाक्यांमध्ये जे सर्वांत वजनदार, त्यावर शेरा बेततो. आर्वीकरांच्या कागदावर टीचं वाक्य सोडलं तर दुसरं काही नाही, त्यामुळे बॉर्डरलाइन म्हणजे तीच बातमी दुसऱ्यांदा छापलेली. दोन दोष आहेत असं मोजू नका.

कापूसवाला

म्हणजे खरेदी केंद्रावरच्या ओलाव्याच्या मीटरसारखं. १२ टक्क्यांपर्यंत कापूस घेतात, १२.१ आला की बाजूला. गाडी तीच, शेत तेच.

लीडवाला_काका

अगदी तसंच. आर १४ मिलिमीटर उंच असेल तर टी १.५ मिलिमीटर भरला की नॉर्मल आणि १.३ भरला तर बॉर्डरलाइन. एकाच बाईचा दहा मिनिटांनी दुसरा ईसीजी काढला तर एकावर शेरा येतो आणि दुसऱ्यावर नाही, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

नेर_परसोपंत

माझ्या बायकोच्या कागदावर तर याहून भयंकर आलं होतं. ‘सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइंड’. मी समजलो की तिचं वय टाकायचं राहिलं. एका ओळखीच्याने सांगितलं की अटॅक येऊन गेलाय, फक्त केव्हा ते मशीनला कळत नाही, म्हणून वय अनिश्चित. घरात रडारड झाली. ती ४१ वर्षांची, दिवसभर निंदण करणारी, तिला कधी काही झालं नव्हतं. सावंगीला नेलं. तिथे पुन्हा ईसीजी काढला तर ती ओळच गायब. इको केला, हृदयाच्या सगळ्या भिंती नीट हलताना दिसल्या. असं कसं झालं हे मला आजवर कुणी नीट सांगितलं नाही.

लीडवाला_काका

मी सांगतो, कारण हे शिबिरांमध्ये सर्रास होतं. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड, व्ही१ आणि व्ही२, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना चौथ्या फटीत लावायचे असतात, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मध्ये. गर्दी असते, पडदा नसतो, बाई संकोचते, पोलकं पूर्ण काढत नाहीत. मग टेक्निशियन दोन बोटं वर, दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लावून मोकळा होतो. वरून पाहिलं की सुरुवातीचं आरचं टोक छोटं होतं किंवा नाहीसं होतं. मशीनला वाटतं इथला स्नायू मेलाय, आणि ते इन्फार्क्ट छापतं. तुमच्या बायकोचं बहुतेक असंच झालं असावं. कागद समोर नसताना याहून ठाम बोलत नाही.

हात-पायांच्या वायरी अदलाबदल झाल्या तरी असाच घोळ होतो. डाव्या-उजव्या हाताची वायर बदलली की लीड एक पूर्ण उलटा येतो आणि एव्हीआर, जो एरवी उलटा असतो, तो सरळ होतो. हे दोन्ही एकदम दिसलं तर आधी वायरी तपासून नवा कागद काढायचा. थंडीने किंवा कंपवाताने हात थरथरत असेल तर रेषेत इतकी कुरकुर येते की मशीनला पी, म्हणजे आरच्या आधीची छोटी लाट, दिसत नाही आणि ते सरळ एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरचे कप्पे बेताल फडफडतात असं, छापतं.

वऱ्हाडी_बाप्पा

मंग असं मशीन ठेवाचं काहाले?

लीडवाला_काका

बाप्पा, मापं घ्यायला ते चांगलं आहे. ठोके, पीआर, क्यूआरएस हे आकडे माणसापेक्षा पटकन मोजतं, आणि रात्री अडीच वाजता एकट्या नर्सला मोठा अटॅक चुकू नये म्हणून ती मोठी अक्षरं उपयोगी पडतात. पण खाली अनकन्फर्म्ड लिहिलेलं असतं ते उगाच नाही. डॉक्टरने पाहून सही करेपर्यंत तो कच्चा मसुदा आहे.

आर्वीकडचा

सगळ्यांचे आभार. काकांच्या प्रश्नांची उत्तरं देतो. वय ५८ आणि स्त्री असं बरोबर छापलंय. तळाशी २५ आणि १० आहे. रेषा स्वच्छ आहेत, वायरी नीट असाव्यात, कारण एव्हीआर उलटाच आहे.

मी भिंगाने मोजलं. डाव्या बाजूच्या व्ही५ मध्ये आर १४ छोटे चौकोन उंच आणि टी जेमतेम एक. व्ही६ मध्ये टी जवळजवळ सपाट. टीच्या मागे अजून एक बारीक लाट दिसते, ती काय ते कळत नाही.

आणि जुना ईसीजी सापडला! तीन वर्षांपूर्वी बीपी निघालं तेव्हाचा. मूळ कागद पार पांढरा पडलाय, पण तेव्हाच्या डॉक्टरांनी झेरॉक्स फाइलला लावली होती. त्यात व्ही५ चा टी साडेतीन चौकोन आहे.

दारव्ह्याची_सून

जरा विषयांतर, पण हे सगळ्यांना उपयोगी आहे. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. काही महिन्यांत उडतो, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तर अजून लवकर. आमच्या सासऱ्यांचा कागद जपून ठेवायचा म्हणून लॅमिनेशनला दिला, तो मशीनमधून पूर्ण काळा होऊन बाहेर आला. त्या दिवशीच झेरॉक्स काढा किंवा सपाट ठेवून उजेडात फोटो घ्या.

यवतमाळची_डॉक्टर

आर्वीकर, तुमच्या या पोस्टने चित्र बदललं. १४ चा दहावा हिस्सा १.४, आईचा टी त्याच्या खाली आहे, म्हणजे मशीनने शब्द बरोबर लावलाय. पण मशीनला जे माहीत नव्हतं ते तुम्हाला सापडलं: तीन वर्षांपूर्वी हाच टी छान उंच होता. हा बदल नवा आहे. आधीपासून असाच असता तर मी फारसं लक्ष दिलं नसतं.

आता तीन प्रश्न. बीपीच्या गोळ्या कोणत्या? मे महिन्यात उलट्या-जुलाब झाले होते का? आणि पोटऱ्यांतले गोळे कधीपासून?

आर्वीकडचा

गोळ्या ॲम्लोडिपिन ५ आणि क्लोरथॅलिडोन १२.५. दुसरी याच वर्षी वाढवली. मे अखेरीस लग्नातल्या जेवणानंतर तीन-चार दिवस जुलाब होते, मीठ-साखर पाण्यावरच काढले. गोळे त्यानंतरचेच म्हणते ती.

यवतमाळची_डॉक्टर

क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी आणि मीठ काढते, सोबत पोटॅशियमही जातं. त्यावर जुलाब आणि विदर्भातला मे. पोटॅशियम घटलं की टी बसतो, त्याच्यामागे यू नावाची लाट वर येते आणि मशीन कधी कधी दोन्ही मिळून मोजतं म्हणून क्यूटीसी, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा, ठोक्यांच्या वेगानुसार जुळवलेला वेळ, जरा जास्त छापून येतो. तुमचा ४५८ बायकांच्या मर्यादेच्या आतच आहे, पण काठावर. पोटऱ्यांतले गोळेही याच्याशी जुळतात.

हा अंदाज आहे, निदान नाही. फिजिशियनकडे दोन्ही कागद, गोळ्यांची पाकिटं आणि जुलाबाची हकीकत घेऊन जा आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासायचं का, असं विचारा. नॉर्मल पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं.

मेडिकलवाला_पुसद

मग कशाला थांबायचं? पोटॅशियमचं सिरप मिळतं, दोन-दोन चमचे सुरू करा. नारळपाणी पाजा.

यवतमाळची_डॉक्टर

भाऊ, सिरप रक्त तपासल्याशिवाय देऊ नका, ही कळकळीची विनंती. मूत्रपिंड कमी काम करत असेल किंवा सोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर पोटॅशियम वर चढतं, आणि चढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. बीपीची गोळीही मनाने बंद करायची नाही. नारळपाण्याबाबतही मूत्रपिंडाच्या रुग्णाला आधी विचारावं लागतं.

मेडिकलवाला_पुसद

मान्य. पण तालुक्यात तपासणीचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात, लोक तोवर थांबत नाहीत, ही आमची अडचण आहे.

आर्वीकडचा

अपडेट देतो. फिजिशियनने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. पोटॅशियम ३.० निघालं, क्रिएटिनिन नॉर्मल. क्लोरथॅलिडोन बंद करून दुसरी गोळी दिली, पोटॅशियमचं औषध मोजून थोडे दिवस, मग परत रक्त. दुसऱ्यांदा ४.१ आलं. गोळे थांबले.

नवा ईसीजी काढला. काकांनी सांगितल्याप्रमाणे पडदा लावून घेतला, सिस्टरनी बोटांनी फटी मोजून इलेक्ट्रोड लावले. व्ही५ मध्ये टी आता तीन चौकोन, मागची लाट गेली. पण एव्हीएल नावाच्या लीडमध्ये टी अजून सपाट आहे आणि मशीनने पुन्हा बॉर्डरलाइनच छापलंय! मोतीबिंदूसाठी फिटनेस मिळाला, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. एव्हीएलचं काय करायचं ते समजत नाही.

कापूसवाला

मी तर म्हणतो एकदा ट्रेडमिल टेस्ट करूनच टाका. मनातली शंका जाईल.

यवतमाळची_डॉक्टर

ट्रेडमिलने शंका जाईलच असं नाही. ज्यांच्या मूळ ईसीजीतच टीमध्ये किंवा त्याच्या आधीच्या रेषेत बदल आहेत त्यांच्यात, आणि विशेषतः बायकांमध्ये, ती टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण बरंच असतं. मग त्यावरून अँजिओग्राफी. एव्हीएलमध्ये आर मुळातच छोटा असेल तर त्याच्यामागचा टी सपाट दिसणं नेहमीचं आहे. आर किती आहे?

आर्वीकडचा

तीन चौकोन.

यवतमाळची_डॉक्टर

तर केवळ त्या एका लीडवर मी फार भर दिला नसता. पण बीपी तीन वर्षांपासून आहे, म्हणून स्नायू जाड झालाय का हे पाहायला इको करावा असं माझं मत. तुमचे फिजिशियन काय म्हणाले?

आर्वीकडचा

ते म्हणाले, सध्या गरज नाही, तीन महिन्यांनी पुन्हा ईसीजी काढू आणि मग ठरवू.

यवतमाळची_डॉक्टर

त्यांनी आईला प्रत्यक्ष तपासलंय, मी नाही. दोन्ही मार्ग चालतात, आणि यावर डॉक्टरांमध्येही मतभेद असतात. मधल्या काळात चालताना छातीत दाब, दम किंवा कारण नसताना घाम असं काही झालं तर तीन महिने थांबायचं नाही.

लीडवाला_काका

आणि तिसऱ्या कागदाचा फोटो त्याच दिवशी काढा. पुढच्या वेळी तिन्ही कागद डॉक्टरांसमोर ठेवायचे, मशीनची अक्षरं वेगळी असली तरी चालतील. काढताना आईला पाच मिनिटं शांत आडवं पडू द्या, आणि इलेक्ट्रोड कुठे लावले याची सिस्टरना कागदाच्या मागे एक ओळ लिहून द्यायला सांगा.

वऱ्हाडी_बाप्पा

काका, भावाचा दोन वर्षांमागचा तो पयला नॉर्मल कागद अजून हाय माह्याजवळ, फोटोत. उद्या टाकतो इथं. मॅडमनं अन् तुमी पाहून सांगा, खरंच त्यात काही दिसत नव्हतं का.